परिचयाचं कार्ड

चांद्याच्या लाकूड व्यापाऱ्यांच्या असोसिएशनचा मी सेक्रेटरी होतो, त्या काळातली ही गोष्ट आहे. पोटापाण्याला मी एका सागवानाच्या पेढीवर मॅनेजर होतो. असोसिएशनचं काम वरचं, मानाचं. पत्रं लिहायची, सभा बोलवायच्या, कार्यवृत्त ठेवायचं आणि सभेला पाहुणा आला की त्याचा परिचय करून द्यायचा. हे शेवटचं काम मला फार आवडायचं. आमच्या मंडळींत बहुतेकांना दहा माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. मला तसं होत नसे. मी बोलायला उठलो की लोक खुर्चीत सावरून बसत, आणि ते मला दिसत असे.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरची ती दोन-तीन वर्षं. राज्य बदललं तसे जंगलाचे नियमही हळूहळू बदलू लागले. तोवर जंगलातले कूप, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेले तुकडे, लिलावात जायचे आणि आमचे ठेकेदार ते घ्यायचे. आता जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि काही कूप लिलाव न होता थेट त्यांना मिळू लागले. तोडणारी माणसं तीच, पण आधी ती आमच्या ठेकेदारांकडे मजुरीला असायची, आता आपल्या संस्थेची सभासद झाली होती. त्या साली आलापल्लीकडचे दोन चांगले कूप असे संस्थेकडे गेले होते. आमच्या लोकांच्या पोटात ते चांगलंच दुखत होतं.

अशात हिवाळ्यातल्या वार्षिक मेळाव्याचा विषय ठरला : चिरलेलं सागवान उन्हाळ्यात तडकतं ते कसं टाळावं. आमच्या उन्हाची गोष्ट काय सांगावी. चैत्रात चिरलेली फळी नीट रचली नाही तर महिन्याभरात तिच्या टोकाला बोट जाईल एवढी भेग पडते. सगळ्यांचंच नुकसान होई. वनखात्याचे साहेब म्हणाले की या बाबतीत सगळ्यांत कमी तूट संस्थेच्या डेपोत दिसते, तर त्यांच्याच माणसाला बोलवा. आमचे अध्यक्ष, लाकडाच्या धंद्यात केस पिकलेले एक शेठ, हो म्हणाले.

मला त्यांनी पेढीवर बोलावून घेतलं. म्हणाले, पाहुणा आपल्याशी चढाओढ असलेल्या संस्थेचा आहे. जास्त स्तुती कराल तर आपली माणसं चिडतील. कमी कराल तर पाहुण्याचा अपमान होईल. त्याच्या संस्थेबद्दल आपलं मत सांगू नका, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

"नाव, काम, विषय," ते एकेक बोट दुमडत म्हणाले, "आणि त्याला बोलायला जागा करून द्या. बस."

मी मान हलवली. यात काय सांगायचं, असं मनात वाटलं.

पद्धतीप्रमाणे मी पाहुण्याला पत्र टाकलं, परिचयासाठी माहिती मागवली. तो संस्थेचा डेपो मॅनेजर होता. चार ओळींचं उत्तर आलं. आधी वनखात्यात नाकेदार, म्हणजे जंगलाचा रखवालदार होता, सहा वर्षांनी नोकरी सोडून संस्थेत आला. डेपोतली मोजणी, रचणी आणि वाळवणी त्याच्याकडे. शेवटी त्यानं लिहिलं होतं की वाळवणीची जी रीत मी सांगणार आहे ती माझ्या एकट्याची नाही, संस्थेच्या दोन जुन्या मजुरांनी करून करून बसवलेली आहे, तेही माझ्यासोबत येतील, तेवढा उल्लेख आपण केला तर बरं होईल.

मी एका कार्डावर चार वाक्यं लिहिली. पहिल्यात नाव आणि हुद्दा, दुसऱ्यात आधीचा अनुभव, तिसऱ्यात त्या दोन मजुरांचा उल्लेख, चौथ्यात विषय आणि बोलण्याची विनंती. नावाचा उच्चार चुकू नये म्हणून आलापल्लीच्या एका ड्रायव्हरला विचारून घेतला. अध्यक्षांना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. "ठीक आहे," म्हणाले.

मेळावा एका शाळेच्या हॉलमध्ये होता. समोर व्यापारी, मधे सॉ-मिलवाले, मागे मुनीम आणि इतर मंडळी. पाहुण्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, पण तो तिथे बसला नाही. पस्तिशीचा, खादीचा सदरा, गळ्याभोवती मफलर. त्याच्यासोबत दोन म्हातारे मजूर आले होते, धुवून आणलेल्या धोतरांत. ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर टेकले, तसा तोही त्यांच्याजवळ बसला. मी पुढे या म्हटलं, तर म्हणाला, "नाही, इथीच ठीक आहे. यांना मराठी सगळी कळत नाई, मधे मधे सांगावं लागते." त्या दोघांची बोली गोंडी, आणि त्याच्याही घरची तीच.

सभा सुरू होण्याआधी चहाच्या टेबलापाशी आमचा एक ठेकेदार माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. आलापल्लीकडचे ते दोन कूप वर्षानुवर्षं याच्याकडे होते. त्यानं विचारलं, "काय सेक्रेटरी, आज सोसायटीची आरती तुम्हीच ओवाळणार म्हणता?" आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मीही हसलो. तसं पाहिलं तर एवढंच झालं होतं.

आधीचं भाषण लाकूड चिरायच्या यंत्रांच्या एका एजंटाचं होतं. तो पाऊण तास कागद वाचत राहिला. लोक जांभया देत होते, काही बाहेर जाऊन विडी ओढून येत होते. माझी पाळी आली तेव्हा हॉल अगदी मरगळला होता. मी कार्ड हातात घेऊन उभा राहिलो. पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. कुणाचं लक्ष नव्हतं. पहिल्या रांगेत तो ठेकेदार मिशीत हसत माझ्याकडे पाहत होता, जणू म्हणत होता, ओवाळा.

मी कार्ड खाली केलं आणि म्हणालो :

"आपले पाहुणे लाकूड वाळवण्यात तरबेज आहेत, आणि का असू नयेत? आपला सारा जन्म लिलावाच्या मांडवात जातो. यांच्या संस्थेला लिलावात उभंच राहावं लागत नाही, त्यामुळे लाकूड वाळवायला वेळच वेळ आहे."

हॉल हसला. मागच्या मुनिमांपर्यंत हसू गेलं. कुणीतरी टाळी दिली. मरगळ एका क्षणात गेली आणि मला आतून गरम वाटलं, थंडीत शेकोटीजवळ बसल्यासारखं. हे मी लपवत नाही. ते वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघताना मला ते फार छान वाटलं होतं.

त्याच हसण्यात मी दाराकडे पाहिलं. दोन म्हाताऱ्यांपैकी एकानं पाहुण्याच्या बाहीला हात लावून काही विचारलं. सगळे का हसले, असंच असणार. पाहुणा त्याच्याकडे वाकला आणि थोडंसं काही बोलला. दोघांही म्हाताऱ्यांनी मान डोलावली. एकाच्या तोंडावर हसू आलं. मग पाहुणा उठला आणि पुढे यायला निघाला.

तो येतोय हे पाहून मी घाईघाईनं विषय सांगितला आणि बाजूला झालो. तिसरं वाक्य राहून गेलं. माझ्या ते ध्यानात आलं होतं. तो चालत येत होता तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. पण नुकत्याच झालेल्या हशानंतर दोन मजुरांचा उल्लेख करायचा म्हणजे हशावर पाणी ओतल्यासारखं झालं असतं. म्हणून मी ते राहू दिलं.

पाहुण्यानं टेबलावर एक लहानसा लाकडी नमुना ठेवला, वीतभर फळ्यांची रचलेली थप्पी. अध्यक्षांना आणि वनखात्याच्या साहेबांना नमस्कार केला, मलाही केला. म्हणाला, "सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं, आमच्याजवळ वेळ आहे. तर तो वेळ कसा वापरावा, तेच सांगतो." आवाजात राग नव्हता. लोक पुन्हा थोडे हसले, पण या वेळी त्याच्या बाजूनं.

मग अर्धा तास तो बोलला. फळी चिरल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना डांबर लावायचं, कारण पाणी टोकांतून झपाट्यानं जातं आणि भेग तिथूनच पडते. थप्पी जमिनीवर नाही, हातभर उंच ओंडक्यांवर रचायची. दोन थरांमधे सारख्या जाडीच्या पट्ट्या द्यायच्या आणि पट्टीच्या बरोबर वर पट्टी यायला पाहिजे, नाहीतर फळी वाकते. वर वजन ठेवायचं. पश्चिमेच्या बाजूला तट्ट्याचा आडोसा करायचा म्हणजे गरम वारा सरळ लागत नाही. हे सांगताना तो नमुन्यातली एक पट्टी बोटभर सरकवून दाखवायचा आणि लहानशी फळी कशी झुकते ते सगळ्यांना दिसायचं. पट्ट्यांची जाडी किती घ्यायची हे आम्हाला नाही सुचलं, ते या दोघांनी तीन उन्हाळे करून ठरवलं, असं म्हणून त्यानं दाराकडे हात केला. जे मी सांगायला हवं होतं ते त्याला स्वतःच सांगावं लागलं. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. म्हातारे उभं राहावं की बसावं या गोंधळात अर्धवट उठले आणि बसले.

शेवटी प्रश्न झाले. सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच ठेकेदारानं विचारले आणि उत्तरं वहीत उतरवून घेतली.

सभा सुटल्यावर मी खुर्च्या मोजून घेत होतो, तेव्हा दोघांपैकी थोरला म्हातारा माझ्याजवळ आला. हात जोडून म्हणाला, "जोहार भाऊ." मी नमस्कार केला. त्याला मराठी बेतानंच येत होती. थांबत थांबत म्हणाला :

"आमचा मॅनेजर सांगते, तुम्ही भल्लं चांगलं बोलले. म्हणे, हे लोक घाई करत नाईत. लाकडाले वेळ देतात. म्हणून लाकूड चांगलं राह्यते. त्याच्यानं सारे खूश झाले, हसले."

मी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"आमच्याबद्दल सभेत असं कोणी बोललं नाई आजवर," तो म्हणाला आणि पुन्हा हात जोडले.

चार पावलांवर पाहुणा आपला नमुना कापडात बांधत होता. त्यानं हे सगळं ऐकलं होतं. त्यानं वर पाहिलं नाही. गाठ मारली, ती सुटली, त्यानं पुन्हा मारली. मी म्हाताऱ्याला हात जोडले. ते तिघं मोटार गाठायला निघून गेले.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला त्या वाक्याहून जास्त लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यवृत्त लिहायला बसलो. परिचयाच्या जागी आलो तेव्हा खिशातलं कार्ड काढलं आणि त्यावरची चारही वाक्यं जशीच्या तशी उतरवली. दोन जुन्या मजुरांचा उल्लेख, सगळं. लिहून झाल्यावर वाचलं तर फार नीटनेटकं वाटलं. सभ्य, तोलून मापून लिहिलेलं. जणू मी तसंच बोललो होतो. एक टाइप केलेली प्रत आभाराच्या पत्रासोबत पाहुण्याला पाठवून दिली. मनाला सांगितलं की निदान कागदावर तरी त्यांचा मान राहिला.

आठवड्याभरानं पोस्टकार्ड आलं. "प्रत मिळाली. माझ्या भाषणाचा सारांश बरोबर आहे. परिचयाचा मजकूर मी ऐकला त्यापेक्षा वेगळा आहे. कृपया तपासून पाहावा." खाली सही.

ते कार्ड मी दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. मग पेढीचं काम काढून आलापल्लीला गेलो. काम खरं तर पत्रानं झालं असतं.

तो डेपोत होता, टेपनं ओंडक्यांचा घेर मोजून घेत होता. मला पाहून त्यानं टेप गुंडाळली आणि ओंडक्यावर बसायला जागा दिली. कुणाकडून तरी चहा मागवला. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी म्हणालो की त्या दिवशी माझं चुकलं.

त्यानं टेप बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तुमची गोष्ट खोटी नव्हती. आम्हाले लिलाव नाई, हे खरं आहे. त्याच्यावर भांडा ना माझ्यासंगं, सभेत भांडा, मी बी भांडीन. पण ती माझी ओळख नव्हती. तुम्ही मले बोलावलं होतं."

मी मान खाली घातली.

"आणि माझं सोडा," तो म्हणाला. "म्हातारा विचारते, हे काऊन हसून राह्यले. आता त्याले काय सांगू? मले गोंडीत खोटं बोलावं लागलं. त्या दोघांसंगं मी आजपावतो खोटं बोललो नव्हतो."

मी विचारलं, मी जाऊन त्यांना खरं सांगू का. ते डेपोच्या पलीकडच्या टोकाला पट्ट्या कापत बसलेले दिसत होते.

"नका सांगू. त्यांनी गावात साऱ्यांना सांगून टाकलं. आता तुम्ही सांगाल तर तुमचा जीव हलका होईल, त्यांचा जड होईल." मग त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "कागद तेवढा सरळ करा. जे झालं नाई ते झालं म्हणून लिहू नका. उद्या तोच कागद दाखवून कोणी म्हणेल, पाहा, आम्ही यांना किती मानानं वागवलं."

ते मला सुचलंही नव्हतं. पण तो बोलला आणि मला कळलं की मी ते लिहिलं तेव्हा माझ्या मनात नेमकं हेच होतं, फक्त मी त्याला दुसरं नाव दिलं होतं.

निघताना थोरल्या म्हाताऱ्यानं मला लांबून ओळखलं आणि हात वर केला. मीही केला. मोटारीत बसल्यावर मला वाटलं की हा हात वर करण्याचाही मला हक्क नव्हता.

असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत मागचं कार्यवृत्त वाचून कायम करायचं असतं. बारा-तेरा सभासद होते. मी वाचलं आणि शेवटी म्हणालो की परिचयाच्या भागात दुरुस्ती आहे. कागदावर मी दुरुस्ती अशी लिहून आणली होती : "परिचयात काही अनावश्यक शब्द आले, ते वर नोंदलेले नाहीत." घरी लिहिताना मला ती पुरेशी वाटली होती.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "शब्द आपणहून आले का?" त्यांनी विचारलं. "कोण बोललं?"

"मी बोललो."

"मग तसं लिहा. आणि काय बोललात तेही सांगा. दुरुस्ती करायची तर मजकूर पाहिजे."

मला ते वाक्य सगळ्यांसमोर पुन्हा म्हणावं लागलं. लिलावाचा मांडव, वेळच वेळ, सगळं. मी ते शक्य तितक्या सपाट आवाजात म्हटलं. तरी तो ठेकेदार हसला. त्याच्या शेजारचा हसला. वाक्य तेवढंच मजेदार होतं, त्यात काही फरक पडला नव्हता. मी माझ्याच वाक्यावर लोकांना हसताना पाहत उभा होतो आणि या वेळी अंगातून नुसता गार घाम सुटत होता. एकानं विचारलं की एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. ठेकेदार म्हणाला की सेक्रेटरींनी आमच्या मनातलं बोलून दाखवलं, त्यात दुरुस्ती कसली.

"तुमच्या मनातलं तुम्ही बोला," अध्यक्ष त्याला म्हणाले. "यांना आपण पाहुण्याचा परिचय करायला सांगितलं होतं." माझ्याकडे वळून त्यांनी लिहा म्हणून खूण केली.

मी लिहिलं. सेक्रेटरींनी लेखी परिचयातली पहिली दोन वाक्यं वाचली. त्यानंतर पाहुण्यांच्या संस्थेला उद्देशून पुढील शब्द उच्चारले. तिसरं वाक्य, ज्यात दोन मजुरांचा उल्लेख होता, ते सेक्रेटरी बोलले नाहीत. लिहिताना पेन दोनदा अडकलं, निब बदलावी लागली. अध्यक्षांनी खाली सही केली. त्या वर्षीचे उरलेले दोन पाहुणे आले तेव्हा परिचय त्यांनी स्वतः करून दिला. बोलताना ते अडखळायचे, कागद डोळ्यांजवळ धरायचे, आणि लोक जांभया द्यायचे. नाव, काम, विषय सांगून ते खाली बसायचे.

दुरुस्तीची प्रत मी आलापल्लीला पाठवली. तिच्यावर काही उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी संस्थेकडून एक पत्र आलं, चांद्यात ओंडके ओढायच्या जुन्या साखळ्या कुठे मिळतील अशी विचारणा होती, खाली त्या डेपो मॅनेजरची सही. मी चौकशी करून पत्ता कळवला.